कूलरची मागची नळी

सहासष्ट सालच्या मे महिन्यात बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मुंबईहून पाण्याचा कूलर आला. ट्रकमधून उतरवायला सहा माणसं लागली. माणसाच्या छातीइतका उंच पत्र्याचा खोका, पुढे दोन तोट्या, तोट्यांखाली सांडलेलं पाणी धरायला जाळीचं ताट आणि पोटात घरघरणारं यंत्र. ऑफिसातले झाडून सगळे कारकून तो बघायला पडवीत आले. जणू नवरीच उतरली होती.

हा कूलर पडवीत, मागच्या दाराशी जोडायचं काम पुंजाराम मिस्त्रीकडे आलं. पुंजाराम सिन्नरकडचा. तीन वर्षं झाली, तो या ठेकेदाराकडे रोजंदारीवर नळाची कामं करत होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये आणखी चौदा जणांबरोबर पथारी टाकत होता. त्याची बायको साखरबाई दोन पोरींना घेऊन दिराच्या घरी राहत होती. तिथे दीर कसा बोलतो आणि जाऊ कशी वाढते, हे ती पत्र लिहून घेऊन कळवायची. कायम झालेल्या माणसाला ऑफिसमागे एका खोलीचं क्वार्टर मिळायचं. पुंजारामला या जगात दुसरं काहीही नको होतं. कायम व्हायचं, खोली घ्यायची आणि साखरबाईला आणायचं.

ऑफिसची सगळी सूत्रं हेडक्लार्क दिनानाथबाबूंच्या हातात. मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसायचे, सही करायचे. पण सही कुठे करायची ते दिनानाथबाबू बोट ठेवून दाखवायचे. माणूस गोरा, नीटनेटका, बोलणं मऊ. कुणाचा गळा कापायचा असला तरी आधी 'बसा' म्हणणारा. त्यांनी पुंजारामला बोलावलं आणि म्हणाले, "मिस्त्री, एकतीस तारखेला मुंबईचे डायरेक्टर येणार आहेत. त्याच दिवशी कायम करायच्या माणसांच्या यादीवर सही होईल. कूलर नीट चालला तर तुमचं नाव यादीत राहील. एक थेंब गळता कामा नये."

"गळणार नाय साहेब," पुंजाराम म्हणाला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच्या हाताखाली सुका होता. सुका वारली, उमरोळीच्या पुढच्या पाड्यावरचा, चाळिशीचा. पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर नाचणी लावायची आणि पाऊस सरला की इथे मजुरीला यायचं, असा त्याचा नेम. दोन वर्षांत तो पाइपाला आटे पाडायला असा शिकला होता की पुंजाराम डोळे झाकून त्याच्यावर सोडायचा. त्याची बायको नवसी त्याच साइटवर खडी वाहायची. सुका बोलायचा कमी, पण जेवढं बोलायचा तेवढं खरं असायचं आणि पुंजारामचा शब्द त्याला देवाच्या शब्दासारखा. मिस्त्री म्हणाला इथे काप, की तो कापायचा. का म्हणून कधी विचारलं नाही.

दोघांनी दोन दिवसांत काम उभं केलं. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाला एक फाटा काढला. फाट्यावर आधी व्हॉल्व बसवला, कूलरच्या आधी आणि फिल्टरच्याही आधी. तो बंद केला की सगळ्या ऑफिसचं पाणी न तोडता एकटा कूलर वेगळा काढता येतो, फिल्टर उघडता येतो. व्हॉल्वपुढे फिल्टर, म्हणजे एक नळकांडं आणि त्यात पांढऱ्या चिनी मातीची कॅन्डल. आठवड्याला ती काढायची, ब्रशने हलकेच घासायची, परत लावायची. फिल्टरच्या दोन्ही अंगांना युनियन, खोलता येणारा सांधा, म्हणजे उद्या काढायचा झाला तर पाइप कापावा लागू नये. फिल्टरमधून पाणी कूलरच्या आतल्या टाकीत. तिथे तरंगता गोळा होता. टाकी भरली की तो वर येऊन पाणी बंद करायचा. प्रत्येक सांध्याला ताग गुंडाळून सफेद्याचं लुकण लावलं. व्हॉल्व उघडला तेव्हा पुंजारामने प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

राहिली मागची नळी. ताटात सांडलेलं पाणी आणि गोळा कधी बिघडला तर टाकीतून ओसंडणारं पाणी, अशा दोन बारीक नळ्या कूलरच्या पोटातच एकत्र होऊन मागून एकच नळी बाहेर यायची. पुंजारामने तिला उतार दिला, भिंतीतून पार काढली आणि ऑफिसच्या मागच्या दगडी मोरीवर चार बोटं अधांतरी सोडून दिली. त्याचे गुरू झुंबर मिस्त्री सांगायचे, "पोरा, पिण्याच्या पाण्याची शेपटी कधी घाणीत बुडवू नको. मधी हवा राहू दे. घाण हवेतून उडी मारत नाय." पुंजारामने हे दहा वर्षं पाळलं होतं.

पहिले दोन तास त्याने पाणी नुसतं वाहू दिलं. नव्या पाइपातला सफेद्याचा वास, लोखंडाचा गंज आणि कॅन्डलची धूळ निघून जावी म्हणून. मागे खडीच्या ढिगावर बायका काम करत होत्या. त्यांनी मोरीवर पडणारं पाणी बघितलं.

त्या बायकांची कथा काय सांगावी! मजुरांसाठी जी विहीर होती ती समुद्राच्या अंगाला, आणि एप्रिल उलटला की तिचं पाणी मचूळ व्हायचं. भातात घातलं तर भात खारट, प्यायलं तर तहान वाढते. गोडं पाणी आणायला अर्धा कोस चालायचं आणि तिथे गावकऱ्यांची बोलणी खायची. दुसऱ्या दिवसापासून मागच्या नळीखाली एक पातेलं आलं, मग एक हंडा आला. कारकून पाणी पिताना सांडायचे, अर्धा पेला ताटात ओतायचे, पेला विसळायचे. ते सगळं नळीतून बाहेर यायचं. दिवसाकाठी दीड-दोन हंडे भरायचे. उष्टं होतं. पण गोडं होतं आणि गार होतं.

"मिस्त्रीदादा, बरं काम केलंस," नवसी एकदा हंडा उचलताना म्हणाली. पुंजारामला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फुकटचं पुण्य कुणाला नको असतं?

चौथ्या दिवशी दिनानाथबाबूंनी खिडकी उघडली आणि खाली सात-आठ बायका ओळीने बसलेल्या बघितल्या. हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. दिनानाथबाबूंना कुणी हसत असलं की आपल्यालाच हसतंय असं वाटायचं. त्यांनी पुंजारामला बोलावलं.

"बसा. ही धर्मशाळा आहे का?"

"सांडलेलं पाणी हाय साहेब. वायाच जातं."

"वाया जाऊ दे. डायरेक्टर येतील आणि ही जत्रा बघतील. ती नळी बंद करा. संडासाच्या मोठ्या पाइपात जोडून टाका."

ऑफिसला संडास एकच, वरच्या मजल्यावर. त्याचा चार इंची बिडाचा पाइप मागच्या भिंतीवरून खाली उतरून मैल्याच्या टाकीला जात होता. खाली पुढेमागे संडास बांधायचा म्हणून त्या पाइपाला गुडघ्याइतक्या उंचीवर एक तोंड आधीच ठेवलेलं होतं आणि ते नुसतं फरशीच्या तुकड्याने बुजवलेलं होतं.

 पुंजाराम म्हणाला, "साहेब, पिण्याच्या पाण्याची नळी तिथं थेट जोडत नसतात. पाइप कधी तुंबला, तर..."

"तर काय?"

"उलटं येतं."

"तुम्ही इंजिनियर कधी झालात?" दिनानाथबाबूंनी टेबलावरची यादी उचलली, तिच्यावरची नावं वाचल्यासारखं केलं आणि परत ठेवली.  

पुंजारामने बाहेर येऊन सुकाला शिसं वितळवायला सांगितलं. सुका नळीकडे बघत राहिला, मग त्या बिडाच्या पाइपाकडे.

"मिस्त्री, तुमीच म्हनत होते ना, मधी हवा राहू दे म्हून?"

"तुला सांगितलं तेवढं कर!" पुंजाराम एवढ्या जोरात ओरडला की खडीवरच्या बायकांनी मान वळवली.  शिसं वितळलं, ताग ठोकला, शिसं ओतलं. सांधा असा बेमालूम झाला की मुंग्यासुद्धा शिरल्या नसत्या. वास येऊ नये म्हणून पुंजारामने नळीला खाली एक वाकही दिला, वाकात पाणी साचून राहील असा. वास अडला. दुसऱ्या दिवशी नवसी रिकामा हंडा घेऊन आली, भिंतीकडे बघून उभी राहिली आणि निघून गेली. तिने शिवी दिली असती तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

मग दहा दिवस सगळं आलबेल. कारकून चहाची भुकटी आणि पानाचे चोथे कूलरच्या ताटात टाकायला लागले. सरकारी असो की ठेकेदाराचा, कारकून तो कारकूनच. ताटाचं भोक बुजत आलं, ताटात पाणी साचायला लागलं, शिपाई फडक्याने ते टिपून घ्यायचा. आणि वर साहेब लोक सिगारेटची पाकिटं नि वर्तमानपत्राचे बोळे संडासात टाकत होते. खालच्या वळणावर ते अडकत चालले होते. हे कुणाला दिसत नव्हतं. भिंतीआडचं कुणाला दिसतं?

महिना सरता सरता तीन कारकून एकदमच रजेवर गेले. जुलाब, उलट्या, ताप. पालघरला कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत जेवून आले होते, तिथलं श्रीखंड बाधलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. श्रीखंड बिचारं काय बोलणार!

एकतीस तारीख उजाडली. पुंजाराम सकाळी आठलाच आला. डायरेक्टर अकराला यायचे होते, त्याआधी कॅन्डल घासून ठेवावी म्हणून. त्याने व्हॉल्व बंद केला, फिल्टर उघडला. कॅन्डल स्वच्छ होती, वरच्या अंगाला फक्त थोडा गाळ. सहज म्हणून त्याने कूलरचं झाकण उचललं. टाकीच्या आत, पाण्याच्या रेषेवर, तपकिरी कड बसली होती. ओसंडायच्या नळीच्या तोंडाशी तीच कड जास्त दाट होती. त्याने बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

तेवढ्यात वर कुणीतरी संडासाची साखळी ओढली. मागच्या भिंतीत धबधबा आवाज झाला, मग गुडगुड. आणि पुंजारामच्या डोळ्यांदेखत त्या नळीच्या तोंडातून बुडबुडे आले आणि ओंजळभर पिवळसर पाणी टाकीत घरंगळलं. वरचं तीन गॅलन पाणी एकदम खाली आलं होतं, तुंबलेल्या वळणातून त्याला चटकन जाता येत नव्हतं, म्हणून ते पाइपात चढलं आणि जोडलेल्या नळीत शिरलं. ताटाचं भोक भुकटीने बुजलेलं, नाहीतर घाण ताटात येऊन सगळ्यांना दिसली असती. आता तिला एकच वाट उरली होती, टाकीची. फिल्टर पुढून येणारा गाळ अडवत होता. ही घाण मागून येत होती.

पुंजारामने बोट फडक्याला पुसलं. काम काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सांधा तोडायचा, नळी परत मोकळी सोडायची, टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडरने धुवायची, पाइपाचं वळण उपसायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण आधी कुणाला तरी सांगायला हवं होतं की टाकीत काय आलंय आणि ते कुणी जोडलेल्या सांध्यातून आलंय. दिनानाथबाबू 'नळी तिथे जोडायला मीच सांगितलं होतं' असं म्हणणार होते का? पुंजारामला हसूच आलं असतं, हसण्याची वेळ असती तर. त्याला साखरबाई दिसली, दोन पोरी दिसल्या, जावेच्या हातातली पळी दिसली.

त्याने झाकण लावलं आणि व्हॉल्व बंदच ठेवून दिनानाथबाबूंकडे गेला. "साहेब, आज कूलर बंद ठेवू. कॅन्डल खराब झालीय. उद्या नवी..."

"काल तुम्हीच सांगितलंत, कॅन्डल ठीक आहे." दिनानाथबाबू उठून पडवीत आले. त्यांच्या मागे दोन कारकून आणि शिपाई. "पाण्यात काही आहे का, मिस्त्री? स्पष्ट सांगा."

आत्ता. आत्ता सांगायचं होतं.  तो म्हणाला, "नाय साहेब. पाण्यात काय असणार?"

"मग पिऊन दाखवा."

तोटीला साखळीने बांधलेला पितळी पेला चकाकत होता. पुंजारामने गालाला हात लावला. "दाढ ठणकतेय साहेब. गार पाणी सोसत नाय."

दिनानाथबाबूंनी त्याच्याकडे बघितलं. ते मूर्ख नव्हते. काहीतरी आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असणार. पण अकरा वाजता डायरेक्टर येणार होते आणि त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मागच्या दाराशी सुका पाइपपाना घेऊन उभा होता.

"ए, तू ये इकडे. तूच जोडलास ना हा कूलर? मग पहिलं पाणी तुझंच. पी."

सुका आत आला नाही. उंबऱ्याशीच थांबला. या पडवीत त्याला काम करायची मुभा होती, पाणी प्यायची नव्हती. दोन आठवडे त्याने कूलरला हात लावला होता, पेल्याला कधी नाही. कारकुनांपैकी एक म्हणाला, "अहो, पेला बाटेल." दिनानाथबाबू म्हणाले, "नंतर चिंचेने घासा." आणि हसले. मग सगळेच हसले.

"मिस्त्री, द्या भरून त्याला."

पुंजारामने व्हॉल्व उघडला. पेला भरला. पाणी स्वच्छ दिसत होतं, बाहेरून पेल्यावर थेंब जमले होते. सुकाने दोन्ही हात पुढे केले, मग थांबला. त्याने पेल्याकडे बघितलं नाही, पुंजारामच्या तोंडाकडे बघितलं.

"पिऊ का मिस्त्री?"

एवढंच विचारलं त्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने असं विचारलं होतं आणि 'नको' म्हणायला एक अक्षरही पुष्कळ झालं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"पी," पुंजाराम म्हणाला.

साखळी ताणून सुका प्यायला. पेला ओठांना न लावता, वरून धार धरून, घटाघटा. आणखी एक प्यायला. मेच्या उन्हात खारट पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाला ते किती गोड लागलं असेल! त्याने तोंड पुसलं आणि तो चक्क हसला. सुका हसताना पुंजारामने फार कमी वेळा बघितला होता.

"बघा," दिनानाथबाबू म्हणाले. "गंगाजळ."

मग सुकाने धीर केला. कारकून हसले होते, साहेब खुशीत होते, अशी वेळ पुन्हा कधी येणार? तो म्हणाला, "सायेब, एक तांब्या नेऊ? नवसीला. ती लय दिवस इचारते, गार पानी कसं लागते म्हून."

"ने, ने. दोन ने," दिनानाथबाबू म्हणाले. त्या दिवशी ते उदार होते.

सुका धावत जाऊन तांब्या घेऊन आला. पुंजारामने तोही भरला. आपल्या हाताने, तोटीखाली नीट धरून, न सांडता. अजूनही सांगता आलं असतं. दारापर्यंत गेलेल्या सुकाला हाक मारता आली असती, अंगणात गाठता आलं असतं, तांब्याला धक्का द्यायला काय लागतं? पुंजाराम तोटी बंद आहे ना हे बघत राहिला. मागून खडीच्या ढिगाकडून बायकांचा गलका ऐकू आला, कुणीतरी ओरडलं, नवसी मोठ्याने हसली.

अकराचे साडेबारा झाले तेव्हा डायरेक्टर आले. तिघे होते. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर एक मोठा थर्मास घेऊन आला होता, मुंबईहून उकळून गार केलेलं पाणी. तिघे तेच पाणी प्यायले. कूलरजवळून जाताना एकाने त्याच्या पत्र्यावर टिचकी मारली, "छान," म्हणाला आणि पुढे गेला. दोन वाजता यादीवर सही झाली.

पुंजारामने त्याच संध्याकाळी कुणाला न विचारता सांधा फोडला. कूलर 'दुरुस्तीला' म्हणून दोन दिवस बंद ठेवला, टाकी तीनदा धुतली, पाइपाचं वळण उपसलं, त्यातून बोळे काढून पुरले. हे काम त्याने एकट्याने केलं, कारण दुसऱ्या दिवसापासून सुका कामावर आला नव्हता.

सुकाला रात्रीतच जुलाब सुरू झाले होते. तो काटक गडी, दोन दिवसांत बसता झाला. नवसी नाही झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या लोकांनी तिला डोलीत घालून स्टेशनवर आणली, पालघरच्या दवाखान्यात न्यायला. गाडी यायच्या आधी ती फलाटावरच गेली. पुंजारामला हे साइटवरच्या जिवलीने सांगितलं. तो तेव्हा क्वार्टरची किल्ली घेऊन येत होता.

दिनानाथबाबूंनी ऐकलं आणि म्हणाले, "या लोकांचं खाणं-पिणंच तसं. काय करणार?" पुंजारामने मान डोलावली. आता मान डोलावायला त्याला काही वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी सुका कामावर आला. अंगाने निम्मा झाला होता. पुंजाराम ऑफिसमागे पाइप कापायला बसला होता. सुका त्याच्यापुढे उकिडवा बसला, जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिला.  याला कळलंय, असं पुंजारामला वाटलं. एका परीने त्याला हलकंही वाटलं. आता हा गळपट्टी धरेल, थुंकेल, पाना डोक्यात घालेल. घालू दे.

"मिस्त्री, एक इचारू?"

"विचार."

"तुमी शिकलेले. खरं काय ते सांगा." सुकाचा आवाज घोगरा होता. "ते पानी सायबांचं. आमच्यासाटी नवतं ते. माझ्या पोटानं निभावलं, तिच्या नाय निभावलं. भगत म्हनतो, नाय ते पानी तू तिला आनलंस. मी आनलं नसतं तर ती रायली असती का?"

पुंजारामने त्याच्याकडे बघितलं. सुकाच्या डोळ्यांत राग शोधून सापडत नव्हता. तो खरंच विचारत होता. जन्मभर खरं बोलणारा माणूस जसं विचारतो, तसं. उत्तर पुंजारामच्या तोंडात तयार होतं. आणि सोळा जूनच्या गाडीने साखरबाई निघणार होती.

"गार पाणी सवय नसली की बाधतं," तो म्हणाला.

"म्हंजी चूक माझीच."

"हो," पुंजाराम म्हणाला.

सुकाने मान हलवली. डोळे पुसले. मग पाइप शिकंज्यात धरला, हातात करवत घेतली आणि किती फुटांवर कापायचा ते विचारलं.